दीड मिनिटात ‘म्हणून’ मावतो

दीर्घ लेखाचा नव्वद सेकंदांचा व्हिडिओ करायचा म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष लिहिणाऱ्यांचा. त्यांच्या मते चार हजार शब्दांचा लेख दीड मिनिटात सांगणं म्हणजे लेखाची विटंबना. वाचायचं असेल तर वाचा, नसेल तर राहू द्या. दुसरा पक्ष व्हिडिओ करणाऱ्यांचा. त्यांच्या मते लोकांना वेळ नाही, म्हणून सुरुवातीला एक हादरवणारी गोष्ट टाकायची, मग तीन मुद्दे, मग एक हळवं वाक्य, आणि काम झालं. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पण चूक दोघेही एकच करतात. युक्तिवाद म्हणजे माहितीचा साठा, असं दोघंही धरून चालतात. त्यामुळे एकाला वाटतं, साठा कमी झाला की युक्तिवाद मेला. दुसऱ्याला वाटतं, साठ्यातला थोडा थोडा नमुना दाखवला की युक्तिवाद पोहोचला.

युक्तिवाद साठ्यात नसतो, सांध्यांमध्ये असतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘पण’ हे ते सांधे. लेख लहान करताना सगळ्यात आधी हेच शब्द गळतात आणि त्यांच्या पाठोपाठ वाक्यांमधला कर्ता गळतो. उरते ती घटनांची यादी आणि यादीला कोणी जबाबदार नसतं. माझी तक्रार व्हिडिओच्या लांबीबद्दल नाही, या गळतीबद्दल आहे.

दीड मिनिटात कार्यकारणभाव मावत नाही असं म्हणणाऱ्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडून पाहावा. 1883 सालच्या त्या पुस्तकाच्या उपोद्घातात जोतीराव फुल्यांनी ज्या मोजक्या ओळी लिहिल्या, त्या मराठी माणसाला पाठ असतात, म्हणून इथे देत नाही. त्या म्हणायला वीस सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्यांची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. एक गेलं म्हणून दुसरं गेलं, दुसरं गेलं म्हणून तिसरं, आणि शेवटच्या ओळीत या सगळ्या पडझडीचा बोजा एकाच कारणावर ठेवला आहे. पुस्तकातले दाखले, हिशेब, नोकरशाहीवरचे आसूड यातलं काहीही त्या ओळींमध्ये नाही. सांधे मात्र सगळे आहेत. फुल्यांनी पुस्तकाचा सारांश केला नाही. पुस्तकाचा कणा काढून समोर ठेवला. सारांश आणि कणा यांतला फरक कळला की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम एका प्रत्यक्ष विषयावर करून पाहू. विषय यवतमाळचा आहे, कारण सांधे गळल्याची किंमत तिथे फार स्पष्ट दिसते.

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. या विषयावर चांगलं, सविस्तर लेखन झालं. ‘पारी’वरचं जयदीप हर्डीकर यांचं वार्तांकन त्यातलं महत्त्वाचं. पण या घटनेवरचे छोटे व्हिडिओ आठवून पाहिले, तर डोळ्यांसमोर एकच दृश्य येतं: पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, उघडे हात, फवाऱ्याचं धुकं. मागे गंभीर संगीत. त्यावरचा मजकूर साधारण असा असतो:

“यवतमाळमध्ये विषारी फवारणीने शेतकऱ्यांचे बळी. शेकडो जण रुग्णालयात. मास्क नाही, हातमोजे नाहीत. औषधांचे धोकादायक मिश्रण. बळीराजाला न्याय कधी मिळणार?”

हा नमुना मी इथे स्वतः जुळवला आहे, पण अशा मजकुराशी परिचय नसलेला वाचक विरळाच. यात एकही विधान खोटं नाही. तरीही त्यातून पोहोचतं ते मूळ लेखांच्या नेमकं उलट. पहिलं, त्यात एकही ‘म्हणून’ नाही. दुसरं, एकाही वाक्यात कोणी काही केलेलं नाही: बळी ‘गेले’, मिश्रण ‘झालं’, मास्क ‘नव्हता’. आणि जेव्हा शब्दांमध्ये कर्ता नसतो, तेव्हा कर्ता चित्र पुरवतं. चित्रात एकच माणूस आहे, पंपवाला. मग पाहणारा आपोआप निष्कर्ष काढतो की यानेच मास्क लावायला हवा होता. शेवटचं ‘बळीराजा’वालं वाक्य कितीही कळवळ्याचं असलं, तरी निकाल आधीच लागलेला असतो आणि तो मेलेल्या माणसाच्या विरुद्ध असतो. कळवळा आणि दोषारोप अशा व्हिडिओत सुखाने शेजारी नांदतात.

आता दीर्घ लेखांचं म्हणणं काय होतं, ते एका वाक्यात मांडू. ‘ज्या व्यवस्थेत औषध विकणाराच ते कसं वापरायचं याचा सल्ला देतो आणि फवारणारा त्या व्यवहारात नसतोच, त्या व्यवस्थेत फवारणी वाढली, म्हणून माणसं मेली.’ वाक्य बोजड आहे, पण ते व्हिडिओत वापरायचं नाहीच. ते टेबलावर समोर ठेवायचं आहे. त्यात एक ‘म्हणून’ आहे, आणि कोण विकतं, कोण सल्ला देतं, कोण फवारतं हे आहे. असं वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये. लेख नीट कळलेला नाही किंवा लेखालाच कणा नाही, या दोहोंपैकी एक गोष्ट खरी असते.

यानंतर त्या वाक्यापर्यंत पोहोचवणारे दुवे एकेका ओळीत लिहायचे. ते असे निघतात. बीटी कपाशी 2002 साली आली तेव्हा फवारणी कमी होईल असं सांगितलं गेलं. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्याला दाद देणं सोडलं, आणि रस शोषणाऱ्या किडींवर तर बीटीचा मुळातच परिणाम नव्हता, म्हणून फवारणी पुन्हा वाढली. काय आणि किती मारायचं हे सांगायला कृषी खात्याची माणसं पुरी पडत नाहीत, म्हणून सल्ला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो, पुष्कळदा उधारीसकट. तिथे दोन-तीन औषधं एकत्र करण्याचा सल्ला मिळतो. फवारणारा अनेकदा रोजाने आलेला मजूर. त्या वर्षी पीक उंच वाढलेलं, हवा दमट. शेवटी दवाखाना: मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देता येतं, पण डायफेन्थियुरॉनवर असा ठरलेला उतारा नाही, आणि मिश्रण फवारलेलं असेल तर पोटात-फुप्फुसात नेमकं काय गेलं हेच डॉक्टरांना ठाऊक नसतं.

आता यातलं काय ठेवायचं? इथे बहुतेक जण ‘महत्त्वाचं’ आणि ‘कमी महत्त्वाचं’ अशी वर्गवारी करतात. ती निरुपयोगी आहे, कारण लेखकाला सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि संपादकाला जे रंजक ते महत्त्वाचं वाटतं. त्यापेक्षा एकेक दुवा काढून पाहावा आणि पुढचा उभा राहतो का ते तपासावं. बीटीचा दुवा काढला तर ‘त्या वर्षी इतकी फवारणी का?’ याला उत्तर उरत नाही, आणि उत्तर नसलं की शेतकरी हावरा किंवा अडाणी ठरतो. म्हणून तो हवाच. दुकानाचा दुवा काढला तर सगळंच कोसळतं. पीक उंच होतं हे काढलं तर युक्तिवाद तसाच उभा राहतो. म्हणून त्याला वाक्य द्यायची गरज नाही, चित्र आणि चार शब्द पुरेत. दवाखान्याचा दुवा काढला तरी तर्क टिकतो, पण मिश्रण हा किरकोळ निष्काळजीपणा नव्हता हे त्यानेच पटतं. म्हणून ठेवायचा, आखूड करून.

या चाचणीत फार मोलाच्या गोष्टीही बाद होतात. सप्टेंबर 2020मध्ये यवतमाळच्या 51 बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार झाली, शिवाय बाझेलच्या न्यायालयात दावा दाखल झाला. आपल्या उत्पादनामुळे हे घडलं, हे कंपनीने नाकारलं. लेखात हा भाग अत्यंत वाचनीय असतो. पण नव्वद सेकंदांत तो घातला की विषय ‘एक परदेशी कंपनी’ होतो आणि गावातल्या काउंटरवरचं लक्ष उडतं. तो दुसऱ्या व्हिडिओचा कणा आहे. एका व्हिडिओत दोन कणे बसवले की दोन्ही मोडतात.

बाद करू नये अशी एक गोष्ट मात्र हमखास बाद होते: विरुद्ध बाजू. व्हिडिओ करणारे म्हणतात, वेळ कुठे आहे? माझं म्हणणं असं की विरुद्ध बाजूला वेळ दिला नाही तर उरलेला वेळ वाया जातो. कारण कीटकनाशकांच्या बाबतीत प्रेक्षकाच्या मनात कंपन्यांचा प्रतिवाद आधीपासून बसलेला असतो: सूचना पाळायच्या होत्या. तो उच्चारून त्याला उत्तर दिलं नाही, तर व्हिडिओ संपताक्षणी प्रेक्षक तोच स्वतःशी उच्चारतो. प्रतिवाद नसलेला युक्तिवाद ही घोषणा असते.

आता शब्दांचा हिशेब. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटतात. ‘शेतकऱ्यांपर्यंतसुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी संहितेचं शब्दमान मराठीला लावलं की निवेदक धापा टाकतो. सेकंदाला साधारण दोन शब्द, म्हणजे नव्वद सेकंदांना 180, आणि त्यातले थांबण्यासाठी, श्वासासाठी दहा-पंधरा सोडायचे. 165च्या आसपास हातात राहतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचल्याशिवाय हे कळत नाही. मग संहिता अशी होते:

पहिलं दृश्य: दुकानाचं काउंटर, दोन बाटल्या, एक पुडा, फक्त हात.
“कपाशीवर कोणतं औषध मारायचं, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला कोण सांगतं? जो ते औषध विकतो, तोच.”

दुसरं: कपाशीचं शिवार, मग किडलेलं बोंड.
“2017च्या पावसाळ्यात इथे फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोहोचली. बीटी बियाण्याने फवारणी कमी होईल असं सांगितलं होतं. पण बोंडअळी त्याला पुरून उरली आणि रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, म्हणून फवारणी उलट वाढली.”

तिसरं: पुन्हा काउंटर. बादलीत एकात एक ओतली जाणारी औषधं.
“किती मारायचं, कशात काय मिसळायचं, हे सांगायला सरकारी माणूस क्वचितच पोहोचतो, म्हणून सल्ला दुकानातून येतो, आणि दुकानातून दोन-तीन औषधं एकत्र येतात.”

चौथं: उंच कपाशीत शिरणारी पाठ. चेहरा नाही.
“पंप मात्र मजुराच्या पाठीवर. पीक छातीच्या वर, हवा दमट, फवारा तोंडासमोर.”

पाचवं: लेबलवरून फिरणारं बोट, मग बिनलेबलची बादली.
“कंपन्या म्हणतात, लेबलवरच्या सूचना पाळल्या तर धोका नाही. पण लेबल एका बाटलीचं असतं. बादलीतल्या मिश्रणाला लेबल नसतं. आणि मजुराने पुष्कळदा बाटली पाहिलेलीही नसते, कारण त्याच्या हाती येतो तो भरलेला पंप.”

सहावं: दवाखान्याचा रिकामा व्हरांडा.
“डॉक्टर विचारतात, काय मारलं होतं? उत्तर नसतं, म्हणून उतारा कोणता द्यायचा तेही ठरत नाही.”

सातवं: काउंटरवर उरलेल्या रिकाम्या बाटल्या.
“म्हणून नुसते मास्क वाटून हे थांबणार नाही. विकणारा आणि सांगणारा एकच आहे तोवर कमाई एकाची आणि विष दुसऱ्याच्या अंगावर. सल्ला दुकानाबाहेर काढा.”

ही आदर्श संहिता आहे असा दावा नाही, पण ती काय काय सांभाळते ते पाहण्यासारखं आहे. पहिलं वाक्य मृत्यूचं नाही, प्रश्नाचं आहे. पहिल्या तीन सेकंदांत प्रेक्षक धरायला हवा, हे मला मान्य आहे. पण धरायचं ते पुढे सरकणाऱ्या युक्तिवादाच्या टोकाने. मृतदेहाने धरलेला प्रेक्षक हळहळतो, आणि हळहळ मदत मागते, जबाबदारी मागत नाही. प्रश्नाने धरलेला प्रेक्षक उत्तरासाठी थांबतो, आणि इथे उत्तर हाच कणा आहे.

दुसरं म्हणजे शब्दांची निवड. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. संहितेत सुरुवातीला ‘औषध’ आहे, कारण दुकानात तेच मागितलं जातं. अगदी शेवटी, त्याच वस्तूला ‘विष’ म्हटलं आहे. सुरुवातीपासून ‘विष’ म्हटलं असतं तर शेतकरी स्वतःहून विष विकत घेणारा वेडा ठरला असता. शेवटपर्यंत ‘औषध’ म्हटलं असतं तर काही बिघडलंच नाही असं झालं असतं. एका शब्दाचं दुसऱ्या शब्दात होणारं हे रूपांतर युक्तिवादाचंच काम करतं, आणि त्याला एकही सेकंद जास्त लागत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात व्यवहाराची. संहिता लिहून झाली म्हणजे ती सुरक्षित झाली असं नाही. संकलनाच्या टेबलावर व्हिडिओ हमखास सात-आठ सेकंद लांबतो आणि काहीतरी कापावं लागतं. कापलं जातं ते नेहमी ज्याला चित्र नाही ते. मोर्चाला चित्र आहे, अश्रूंना आहे. ‘सल्ला देणारी यंत्रणा पुरी पडत नाही’ याला चित्र नाही. म्हणून कारण हे कधीही स्वतंत्र वाक्यात ठेवू नये. संकलक पूर्णविरामावर कापतो. कारण आणि परिणाम एकाच वाक्यात ‘म्हणून’ने शिवले असतील, तर त्याला एक ठेवून दुसरं काढता येत नाही. वर दिलेल्या संहितेत बीटीचं वाक्य आणि दुकानाचं वाक्य याच हेतूने लांब ठेवलं आहे. ‘वाक्यं छोटी ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. सांध्याच्या जागी तो धोकादायक आहे. छोट्या वाक्यांच्या फटींमधूनच सांधे गळतात.

चौथं, चित्र. बिनमास्कचा माणूस समोरून कुठेच नाही. हे त्याच्या प्रतिष्ठेसाठी आहेच, पण मुख्य कारण तर्काचं आहे. शब्द काहीही म्हणोत, आवाज बंद करून पाहणाऱ्याला चित्र जे सांगेल तेच खरं, आणि पुष्कळ जण आवाज बंद करूनच पाहतात. म्हणून काउंटर तीनदा येतं. फक्त चित्रं पाहिली तरी प्रेक्षकाला दुकान आठवलं पाहिजे.

हे सगळं जमलं की नाही, ते कसं कळणार? किती जणांनी पाहिलं यावरून नक्कीच नाही. सांधे गळलेला व्हिडिओही धो धो पाहिला जातो, कदाचित जास्तच. लेख न वाचलेल्या माणसाला व्हिडिओ एकदा दाखवावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: हे कशामुळे झालं? आणि काय करायला हवं? ‘मास्क लावले नाहीत’ आणि ‘जागृती करायला हवी’ अशी उत्तरं आली तर संहिता फसली, मग प्रत्येक वाक्य खरं असो. ‘दुकानदारच सल्ला देतो’ हे कुठल्याही शब्दांत आलं तर कणा पोहोचला. ‘पण दुकानदार तरी काय करणार, त्याचंही पोट आहे’ असं कोणी म्हणालं तर फारच चांगलं. तो माणूस वाद घालतो आहे, म्हणजे युक्तिवाद त्याच्यापर्यंत गेला.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. काही लेखांचा कणा साखळीसारखा नसतो. पंचवीस घरांच्या पंचवीस कहाण्या शांतपणे एकापुढे एक ठेवणारा लेख असतो. त्याचं म्हणणं त्या साचत जाण्यातच असतं. एकच कहाणी उचलली की तो लेख एका दुर्दैवी घराची बातमी होतो. लेखक दोन बाजूंमध्ये खरोखर अडकलेला असतो असेही लेख असतात. तिथे दीड मिनिटात निकाल देणं ही फसवणूक आहे. अशा लेखांचा व्हिडिओ करू नये. फार तर त्यांचा प्रश्न तेवढा मांडावा आणि वाचायला पाठवावं. पण ‘माझा लेख तसा आहे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक लेखकावर विश्वास ठेवू नये. पुष्कळदा अडचण गुंतागुंतीची नसते, आपला दावा एका वाक्यात उघडा पडेल याची भीती असते.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझं सांगणं, हे काम हिणवून दुसऱ्यावर सोडू नका. तुमच्या लेखाचं ते एक वाक्य, ‘म्हणून’ आणि कर्त्यासकट, तुम्हीच लिहून द्या आणि अंतिम व्हिडिओत ते टिकलं आहे की नाही हे पाहिल्याशिवाय संमती देऊ नका. करणाऱ्यांना सांगणं एवढंच की तुमच्या हातात वेळ कमी आहे ही सबब इथे चालत नाही. कपाशीच्या पट्ट्यात चार हजार शब्दांचा लेख ज्याच्यापर्यंत कधीच जाणार नाही, त्याच्या फोनवर तुमचे नव्वद सेकंद जातात. तो उद्या दुसऱ्याच्या शेतात पंप उचलणार असतो. चूक तुझीच होती, एवढंच त्याला ऐकवायचं असेल, तर त्यासाठी व्हिडिओची गरज नाही. ते त्याला सगळे ऐकवतातच.